पिशवी भरली, पण खांद्याला कोणाच्या?

"ताई, मे महिन्यात माझं लग्न आहे. कार्यालय गावाबाहेर, गारगोटी रोडला. मुहूर्त दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांचा. अडीनडीला असावी म्हणून मी एक पिशवी भरत आणलीय. सेफ्टी पिना, औषधं, खाऊ, सुटे पैसे करत करत यादी साठ वस्तूंवर गेली. पिशवी धाकट्या बहिणीकडं द्यायचं ठरवलं होतं, कारण मला काय हवंय ते तिला न सांगता कळतं. पण आत्ती म्हणते, 'लग्न हाय का दवाखाना? पन्नास बायका असत्यात, लागंल ते मागायचं.' एक जिवलग मैत्रीण आनंदानं करेल, पण तिला पाहुणी म्हणून बोलवायचं आणि कामाला जुंपायचं हे आईला पटत नाही. त्यात पप्पांना डायबेटिस आहे, सकाळी गोळ्या असतात आणि कन्यादान होईपर्यंत पाणीसुद्धा घेणार नाही म्हणतात. काय करू?"
— नाव नको, कोल्हापूर

तुझ्या आत्तींचं निम्मं बरोबर आहे, ते आधी मान्य करून टाकते. आपल्याकडच्या कुठल्याही मांडवात उभं राहून "पिन आहे का?" असं विचारलं, तर चार हात पुढं येतात. आपल्या आज्या-मावश्या बांगडीला नाहीतर मंगळसूत्राला दोन पिना अडकवूनच घराबाहेर पडतात. तेव्हा पिन मिळत नाही असं कधी होत नाही. पण कुठली मिळते आणि कोण लावतं, तिथं घोळ होतो.

माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात आम्हीही अशीच पिशवी भरली होती. ती ठेवली वधूपक्षाच्या खोलीत, दागिन्यांच्या बॅगेशेजारी. दागिने होते म्हणून खोलीला कुलूप, किल्ली काकांच्या खिशात आणि काका पाहुणे आणायला स्टँडवर. इकडं अंतरपाट धरायची वेळ झाली आणि खांद्यावरची पिन निसटून पदर घसरायला लागला. एका मावशींनी बांगडीतली पिन काढली आणि घाईघाईत जरीच्या काठातून रेटून घातली. पिन होती जाडजूड, चादरीला लावायची. सप्तपदीच्या तिसऱ्या पावलाला शालू दोन बोटं फाटला. कुलपाआड असलेल्या आमच्या पिशवीत बारीक पिनांचं अख्खं पान होतं.

म्हणून तुझी यादी बघायच्या आधी माणूस ठरवू. तू बहिणीचं नाव घेतलंस, कारण तिला तुझं मन कळतं. पण त्या दिवशी तिचे हात मोकळे आहेत का, हे बघितलंस का? ती तुझी करवली. मंगलाष्टकं चालू असताना तुझ्या मागं करा-दिवा धरून ती उभी असणार. म्हणजे तुझा पदर, मुंडावळी, नथ यांना जेव्हा कुणाचा तरी हात लागणार, नेमकं तेव्हाच तिचे दोन्ही हात अडकलेले. शिवाय प्रत्येक फोटोत ती हवी, नवरदेवाचे जोडे लपवायला ती हवी. तिच्या खांद्यावर पिशवी दिलीस तर एकतर ती पिशवी खुर्चीवर टाकून जाईल, नाहीतर स्वतःच्या बहिणीचं लग्न तिला धड बघायला मिळणार नाही.

असं कर. लग्नाचा दिवसभराचा कार्यक्रम एका कागदावर लिही आणि प्रत्येक विधीपुढं त्यात गुंतलेल्यांची नावं मांड. कन्यादानाला आई-पप्पा. मांडवात आणायला मामा, म्हणजे मामीही त्याच गडबडीत. कानपिळीला भाऊ. वहिनी रुखवत आणि विहिणींच्या मानपानात. आत्ती तर सगळीकडंच. ज्यांची नावं कागदावर एकदाही आली नाहीत, त्यांच्यातूनच तुझा माणूस निवडायचा. बहुतेक घरांत अशी दोन-तीनच नावं उरतात: एखादी मैत्रीण, चुलतभावाची बायको, लांबच्या मावशीची मुलगी. तुझी मैत्रीण त्यात बसते.

आता आईचा मुद्दा. पाहुणीला कामाला लावायचं म्हटलं की ऐकायलाच वाईट वाटतं. पण आपल्या लग्नात बिनकामाचा मान असतो तरी कुठला? करा धरणं, कान पिळणं, पाठराखीण म्हणून जाणं ही सगळी कामंच आहेत. ती नाव घेऊन, सर्वांसमोर, साडी देऊन सांगितली जातात म्हणून त्यांचा मान होतो. मैत्रिणीला वाईट वाटेल ते आयत्या वेळी हातात पिशवी कोंबून "जरा धर गं" म्हटलंस तर. त्याऐवजी आईलाच तिच्या घरी जाऊ दे. आईनं सांगावं, की सकाळी सातपासून पाठवणीपर्यंत तू आमच्या मुलीच्या मागं हवीस, जमेल का? वेळ नेमकी सांगायची आणि "नाही" म्हणायला वाट ठेवायची. करवलीला साडी घेणार असाल तर हिलाही घ्या, पण हलकी आणि पाचवारी. पैठणी नेसून पळापळ होत नाही.

तिचं जेवण मात्र विसरू नका. अक्षता पडल्या की पंगती बसतात आणि नेमक्या त्याच तासात तुला तिची गरज असते. अकराच्या आत आचाऱ्याकडून तिला चार घास वाढून घ्यायचे आणि तेवढा अर्धा तास पिशवी कोणाकडं, तेही नाव आधीच ठरवायचं.

नाव ठरलं की ते पाच जणांना तोंडानं सांग: आई, मामा, मेकअपवाली, फोटोग्राफर आणि सासरकडची एक व्यक्ती, म्हणजे नणंद किंवा जाऊ. हा पाचवा निरोप बहुतेक जण विसरतात. मग नवरदेवाच्या मुंडावळीची दोरी तुटते आणि दोन्ही घरांच्या पिशव्या दोन खोल्यांत कुलपात पडलेल्या असतात. फोटोग्राफरला सांगायचं कारण वेगळं आहे. त्याचा डोळा सतत भिंगाला असतो, सुटलेली पिन आणि ओघळलेलं काजळ त्याला सगळ्यांच्या आधी दिसतं. तो तुझ्या मैत्रिणीकडं बघून नुसती मान हलवेल. त्यासाठी तिनं उभं कुठं राहायचं, तेही ठरवून टाक: स्टेजवर, तुझ्या उजव्या मागच्या कोपऱ्यात, करवलीच्या पलीकडं. समोर पहिल्या रांगेत बसली तर अंतरपाट खाली आल्यावर जी गर्दी वर चढते, तिच्यातून ती तुझ्यापर्यंत पोचायची नाही.

आता पिशवी. साठ वस्तू खांद्यावर मावत नाहीत, त्या बॅगेत जातात, आणि बॅग खोलीत. म्हणून दोन भाग कर. पाच मिनिटांच्या आत लागू शकतं ते सगळं आडव्या पट्ट्याच्या बारक्या पिशवीत. ती मैत्रिणीच्या अंगावरून उतरणारच नाही. बाकी इस्त्री, जादा ब्लाउज, चपला, टॉवेल, छत्री खोलीत राहू दे. (मे महिना आहे, दुपारनंतर वळीव कोसळला तर मांडवातून गाडीपर्यंतच शालू भिजतो, तेव्हा दोन मोठ्या छत्र्या हव्यातच.) त्या खोलीची दुसरी किल्ली मात्र मैत्रिणीकडं असायला हवी. कार्यालयवाले एकच किल्ली देतात, दुसरी मागून घ्यावी लागते. आदल्या दिवशी मामांकडून मागवून घे.

पिनांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण शालू एकदाच घेतला जातो. पिना डबीत ठेवू नकोस. घाईत डबी उघडली की सगळ्या सतरंजीवर. फ्लॅनेलची नाहीतर जुन्या सुती साडीची वीतभर पट्टी घे, तिच्यावर पिना ओळीनं टोच आणि पट्टी पिशवीच्या आतल्या अंगाला शिवून टाक. चाचपून हाताला लागल्या पाहिजेत. दोन डझन पुरे: निम्म्या बारीक, बाकीच्या मध्यम, चार-सहाच मोठ्या. सगळ्या स्टीलच्या आणि नव्या घे. बोथट पिन रेशमाचे धागे बाजूला न सारता तोडते, आणि गंजलेलीचा डाग राहतो.

पिनेला मागं जो वेटोळ्याचा भाग असतो, त्यात रेशमाचा धागा अडकतो आणि पिन काढताना ओढला जातो. त्यावर सोपा उपाय आहे. पिन उघडून तिच्यात एक बारीक मणी ओवायचा आणि वेटोळ्यापर्यंत सरकवायचा. मणी आडवा येतो, कापड वेटोळ्यापर्यंत पोचत नाही. डझनभर पिना अशा मणी घालूनच ठेव, आणि शालूला फक्त त्याच लावायच्या असं मैत्रिणीला सांग.

लग्नात शालूवर सगळ्यात जास्त ताण कधी येतो सांगू? सप्तपदीत. तुझ्या पदराची आणि त्याच्या उपरण्याची गाठ मारलेली असते, आणि नवरदेव तुझ्या मापानं पावलं टाकत नाही. गाठ आखूड असली की त्याचं प्रत्येक पाऊल तुझ्या खांद्यावरच्या एकट्या पिनेला हिसका देतं. आमच्याकडं शालू तिथंच फाटला. म्हणून गाठ मारली जात असताना मैत्रिणीनं पुढं होऊन बघायचं, की दोघं हातभर अंतरावर उभे असताना पदर सैल लोंबतोय का. ताठ असेल तर गाठ सोडून पदराच्या टोकाकडं घ्यायला सांगायची. भटजी नाही म्हणत नाहीत; त्यांनी फाटलेले शालू पुष्कळ बघितलेले असतात. खांद्यावर एकाऐवजी दोन पिना, एक इंचाच्या अंतरानं, आणि ब्लाउजच्या आतून सुती कापडाचा रुपयाएवढा तुकडा ठेवून त्यातून पिन घालायची. ओढ दोघींत वाटली जाते आणि तुकड्यावर पडते, रेशमावर नाही. एवढं करूनही फाटलंच, तर त्याच भोकात पुन्हा पिन घालू नये. पदराची एक निरी फाटक्या भागावर ओढून घ्यायची आणि इंचभर बाजूला पिन लावायची.

टाके घालायची वेळ आली तर सुई ओवलेली हवी. गर्दीत, घामेजल्या हातांनी, भटजी "सावधान" म्हणत असताना सुईत दोरा जात नाही. शालूच्या रंगाची एक, ब्लाउजच्या रंगाची एक आणि एक पांढरी, अशा तीन सुया दोरा गुंडाळून त्याच पट्टीवर टोचून ठेव. मुंडावळीसाठी पांढऱ्या दोऱ्याची रीळ वेगळी. आणि अक्षतांचं कुंकू शालूवर पडलं तर ओल्या रुमालानं पुसायला कुणालाही देऊ नकोस. कोरडं झटकलं तर निघून जातं, पाणी लागलं की रंग बसतो.

आता पप्पांकडं येते. तुझ्या पत्रातली खरी काळजीची ओळ हीच आहे, आणि ती तू सर्वात शेवटी लिहिलीस. साखरेच्या गोळ्यांमध्ये दोन प्रकार नीट ओळखायला हवेत. नुसती मेटफॉर्मिन असेल तर उपाशीपोटी साखर फार खाली जाण्याची भीती कमी. पण ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारखी गोळी असेल किंवा इन्सुलिन असेल, तर ते शरीरातली साखर उतरवतच राहतं, पोटात काही असो वा नसो. सकाळी गोळी घेऊन साडेबारापर्यंत निर्जळी राहिलं, वर मे महिन्याचं ऊन आणि धावपळ, तर साखर धोक्याच्या खाली जाऊ शकते. म्हणून लग्नाच्या आधी आठवडाभर त्यांना त्यांच्या डॉक्टरांकडं घेऊन जा आणि सरळ विचार: त्या दिवशी उपास आहे, तर गोळी केव्हा आणि किती? आपल्या मनानं गोळी बंद करायची नाही आणि रोजच्यासारखी घेऊन उपाशीही राहायचं नाही. दुसरीकडं भटजींना विचार, की दूध, फळ, साबुदाण्याची खिचडी चालेल का. बहुतेक ठिकाणी चालतं. निर्जळीचा हट्ट भटजींपेक्षा पप्पांचाच जास्त असतो. भटजींच्या तोंडून "घ्या हो दूध" आलं की ते ऐकतील.

एवढं करूनही साखर उतरली तर ती ओळखायची कशी, हे मैत्रिणीला आधी सांगून ठेव, कारण लग्नात हे चटकन ध्यानात येत नाही. दरदरून घाम, हाताला कंप, छातीत धडधड, एकाएकी चिडचिड, बोलण्यात गोंधळ. आता सांग, मुलीच्या लग्नात कुठला बाप घामाघूम, चिडलेला आणि गोंधळलेला नसतो? सगळे म्हणतात, उकाडा आहे, टेन्शन आहे, जरा पंख्याखाली बसवा. त्यात वेळ जातो. म्हणून पप्पा असे दिसले की अंदाज करत बसायचं नाही, घरातलं साखर मोजायचं मशीन काढून बोट टोचायचं. आकडा ७० च्या खाली असेल तर लगेच १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर, म्हणजे चहाचे तीन-चार चमचे, पाण्यातून द्यायची. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, अजून ७० च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढीच. वर आली की मग केळ-बिस्कीट असं काही पोटात घालायचं. मशीन हाताशी नसेल आणि लक्षणं अशी असतील तरीही ग्लुकोज द्यायचं. थोडी साखर जास्त झाल्यानं जेवढं बिघडतं, त्याहून कितीतरी जास्त ती कमी राहिल्यानं बिघडतं.

इथं एक चूक सर्रास होते: समोर पेढ्यांचं ताट असतं, लोक पेढा भरवतात. पेढ्यातल्या खव्याच्या स्निग्धतेमुळं त्यातली साखर रक्तात जायला वेळ लागतो. ग्लुकोज पावडर म्हणण्यालाही कारण आहे. काहींच्या गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज हेही औषध असतं, ते साध्या साखरेचं पचन रोखतं. अशांना साखरेचं पाणी देऊन लवकर उतार पडत नाही, ग्लुकोजनं पडतो. घरीच तीन पुड्या मोजून बांध आणि पुडीवर "पप्पा, अर्ध्या ग्लास पाण्यातून" असं लिही. माणूस शुद्धीवर नसेल किंवा गिळत नसेल तर मात्र तोंडात काहीही घालायचं नाही, ठसका लागून ते फुप्फुसात जातं. कुशीवर झोपवून १०८ ला फोन. तुमचं कार्यालय गावाबाहेर आहे, तेव्हा पत्ता सांगताना कोणती खूण द्यायची ते आदल्या दिवशीच कागदावर लिहून पिशवीत ठेव. आणि हे मशीन, त्याच्या पट्ट्या, असेल तर इन्सुलिन गाडीच्या डिकीत राहू देऊ नका. मेच्या उन्हात डिकी तापते आणि पट्ट्या चुकीचे आकडे दाखवायला लागतात.

बाकी औषधांचं मी थोडक्यात आटोपते. मैत्रीण डॉक्टर नाही, आणि तिच्याकडं औषधांची पिशवी आहे हे कळलं की दहा जण गोळी मागायला येतील. तिनं फक्त घरच्या माणसांची, नावं लिहिलेली, मूळ पाकिटातली औषधं द्यायची. बाकीच्यांना ओआरएसची पुडी आणि चिकटपट्टी. चिकटपट्ट्या मात्र भरपूर ठेव, हिरवा चुडा फुटला की मनगटाला काच लागतेच. तुझ्यासाठी आधी कधी न घेतलेली कुठलीही गोळी त्या दिवशी पहिल्यांदा घेऊ नकोस. सर्दीची साधी गोळीसुद्धा काहींना पेंगायला लावते, मग अख्खा अल्बम तसाच. आणि पाळीची तारीख जवळ येत असेल तर ती पुढं ढकलायची गोळी मैत्रिणीच्या पिशवीतून घ्यायची गोष्ट नाही. ती पाळी यायच्या साधारण तीन दिवस आधीपासून सुरू करावी लागते आणि काहींना, विशेषतः रक्ताच्या गुठळीचा इतिहास असेल तर, ती देतच नाहीत. डॉक्टरांकडं आत्ताच जा. पॅड मात्र काहीही ठरलं तरी पिशवीत.

खायचं तुझ्यासाठी. नथ घालून, ओठ रंगवून, दोन्ही हातांवर मेंदी आणि कोपरापर्यंत चुडा असताना काय खाता येतं, याचा विचार करून खाऊ निवड. भडंग मलाही आवडतं, पण लसणाचा वास आणि तिखटाची बोटं शालूला नकोत. राजगिऱ्याचा लाडू भुगा होऊन पदरावर सांडतो, चिक्की दातात बसते. मला सर्वात सोयीचा वाटतो तो बी काढलेला खजूर: एका घासाचा, कोरडा, मैत्रीण नथ बाजूला धरून तोंडात टाकू शकते. सोबत सोललेली केळ्याची फोड आणि गुळाचा खडा. गूळ आपल्या कोल्हापूरचाच, त्याला शोधायला कुठं जायचं नाही. पाणी घरून बाटलीत, स्ट्रॉ लावून. तू मागशील याची वाट तिनं बघायची नाही, कारण त्या दिवशी भूक कळत नाही. मेकअप संपल्यावर, सीमांतपूजन आटोपल्यावर आणि फोटोंची पहिली फेरी झाली की, अशा तीन वेळा तिनं दोन खजूर आणि चार घोट पाणी तुझ्यापुढं करायचं.

पैशांचं शेवटी. हल्ली सगळे म्हणतात मोबाइलवरून देऊ. पण वाजंत्रीवाले, पाणी भरणारी पोरं, गाडी लावून देणारा, फुलं घेऊन आलेला मुलगा यांच्या हातावर काहीतरी ठेवायचं असतं, आणि तुझा फोन कुठं असेल ते तुलाही माहीत नसणार. तुमच्या मापाच्या लग्नाला मी सहा हजार धरते: पाचशेच्या सहा नोटा, शंभरच्या वीस, पन्नासच्या दहा, विसाच्या पंधरा आणि दहाच्या वीस. वर रुपयाची पन्नास नाणी वेगळ्या बटव्यात, कारण एकशे एक आणि पाचशे एकची पाकिटं भरायला सगळे रुपया शोधत फिरतात. सुट्या नोटा बँकेतून लग्नाच्या आठवड्याआधी आण. त्या आठवड्यात जायला कुणालाच वेळ मिळत नाही. मोठी देणी, म्हणजे आचारी, मंडप, भटजींची दक्षिणा, या पैशांतून नाहीत, ती मामांकडं. आणि सर्वात महत्त्वाचं, आहेराची पाकिटं या पिशवीत एक क्षणही ठेवायची नाहीत, कुणी "तुझ्याकडं असू दे" म्हणालं तरी. आहेर आला की मैत्रीण तिजोरी होते, जागेवरून हलायला घाबरते, आणि संध्याकाळी एखादं पाकीट कमी भरलं तर नजरा परक्या मुलीकडं जातात. आहेराला तुमच्या घरातला माणूस, वही घेऊन, वेगळा. मैत्रिणीच्या पिशवीत बारकी डायरी आणि पेन असू दे. कुणाला किती दिले, एवढंच लिहायचं.

पाठवणीच्या वेळी तिची पिशवी रिकामी करून घ्यायची. उरलेले पैसे आणि डायरी आईकडं, पप्पांच्या पुड्या आणि मशीन भावाकडं. आणि यातलीच एक मूठभर थैली पाठराखिणीच्या हातात: सहा पिना, तुझी रोजची औषधं, पॅड, चार्जर, थोडे खजूर, दोन हजार रुपये. सासरच्या घरी पहिल्या रात्री पिन कुठल्या ड्रॉवरमध्ये असते हे तुला माहीत नसतं, आणि विचारायला लाज वाटते. ही थैली आदल्या दिवशी भरून, पाठराखिणीचं नाव लिहून, मोठ्या पिशवीच्या तळाशी ठेव, म्हणजे रडारडीत ती शोधावी लागणार नाही.